लहान स्वराची जागा

माझ्या भावाचा हात बिघडलाय हे सगळ्यात आधी मला कळायला हवं होतं. त्याच्या ड्रमपासून चार फुटांवर मी अकरा वर्षं पियानोला बसतेय. पण ते आधी लक्षात आलं अँब्रोजच्या, ज्याला मार्च महिन्यात धड स्विंग करता, म्हणजे झुलत्या लयीत वाजवता येत नव्हतं. आणि आपल्या लक्षात नेमकं काय आलंय हे त्या भोळ्याला समजलंच नाही.

अँब्रोज आमच्या बँडमध्ये आला तो कॉलेजच्या कवायतीच्या बँडमधून. सॅक्सोफोन चकचकीत, बूट चकचकीत, नोटेशन तर असं वाचायचा की जणू सकाळचा पेपर. पहिल्या तालमीला वादकांच्या युनियनच्या माडीवर त्याने चार ओळी वाजवल्या आणि आमचे म्होरके टिब्स यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"बाळा, सॅक्सोफोन वाजवतोयस की टाइपरायटर?"

सगळे हसले. अँब्रोज कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "साहेब, लिहिलंय तेच वाजवतोय. एका ठोक्यात दोन स्वर, दोन्ही सारखे."

"लिहिलंय सारखं. वाजवतं कोण सारखं?"

मग त्याने पहिला स्वर ताणला आणि दुसरा झटक्यात उडवला. ते तर आणखी वाईट. बेस वाजवणारा वेंडेल म्हणाला, "आता घोडा लंगडला." टिब्सनी कपाळाला हात लावला आणि हॉलिसकडे, म्हणजे माझ्या भावाकडे बघितलं. "ह्याला घरी घेऊन जा. माणसात आण."

कॅन्सस सिटीत तेव्हा ड्रम वाजवणारे पायलीचे पन्नास होते, पण ड्रमच्या झांजेवर काठी चालवण्यात हॉलिससारखा हात कुणाचाच नव्हता. फुशारकी म्हणून सांगत नाही. टिब्सच्या बँडचं नाव होतं ते त्या झांजेमुळे. लोक नाचायला येत आणि घरी जाताना तोंडाने तिचाच आवाज काढत जात.

तर अँब्रोज आमच्या स्वयंपाकघरात येऊ लागला, मंगळवारी आणि गुरुवारी, दुपारचं जेवण आटोपलं की. माझ्या हातचा मक्याचा पाव चापून झाला की हॉलिस टेबलावर टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी ठेवायचा आणि तारांच्या ब्रशने तिच्यावर वाजवायचा.

"एका ठोक्याचे तीन भाग कर," तो सांगायचा. "पहिले दोन एकत्र बांध, ते मोठ्या स्वराचे. तिसरा लहान स्वराचा. मधला गिळून टाकायचा."

"म्हणजे दोनास एक. समजलं, मिस्टर हॉलिस."

"डोंबल समजलं. ते मधल्या चालीपुरतं. लय हळू असेल तर लहान स्वर आणखी रेंगाळतो, बोलावलं तरी लवकर येत नाही. लय वाढव, त्याला रेंगाळायला जागा उरत नाही, दोघं एकमेकांच्या जवळ येतात. फार पळायला लागलास की दोघं जवळजवळ सारखेच. म्हणून हे गणित वहीत लिहून ठेवू नकोस. कानाने धर."

"पण मुळात असं वाकडं वाजवायचंच कशाला?"

"ऊठ. चाल इकडून तिकडे. ओडेसा, ह्याला चालायला जागा दे." मी खुर्ची सरकवली. "पाय जमिनीवर पडतो तो मोठा स्वर. पुढचं पाऊल पडायच्या आधी अंग जे जरासं उचललं जातं, तो लहान. दोन्ही सारखे वाजवलेस की माणूस कवायत करायला लागतो. लहान उशिरा आला की अंग पुढच्या ठोक्याची वाट बघतं. त्या वाट बघण्याला लोक पैसे मोजतात, बाळा."

सरावाची त्याची पद्धत मी इतक्यांदा ऐकली होती की झोपेत म्हणून दाखवली असती. मेट्रोनोम, ते लयीचं टकटकणारं यंत्र, साठवर लावायचा, पण त्याची टकटक दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला पडतेय असं धरायचं. पहिला आणि तिसरा आपला आपण शोधायचा, म्हणजे यंत्र आपल्याला ओढत नाही, आपण चालतो. आधी तोंडाने म्हणायचं, मग चालत म्हणायचं, आणि वाद्य सगळ्यात शेवटी. लहान स्वरावर जिभेचा हलका धक्का द्यायचा आणि तिथून न तोडता पुढच्या मोठ्यावर घसरत जायचं. ते बसलं की तीच ओळ थोडी वेगात, मग आणखी वेगात. प्रत्येक वेळी लहान स्वर कुठे सरकला ते ऐकायचं.

अँब्रोजने उन्हाळाभर जीव तोडून सराव केला. शेजारीण मिसेस गॅफनी खिडकीतून म्हणायची, "ह्या मुलाला कुणीतरी दुसरं गाणं शिकवा गं." ऑगस्टमध्ये एका तालमीला वेंडेलने बेस वाजवता वाजवता मान वर केली आणि अँब्रोजकडे बघून नुसता हसला. अँब्रोज माणसात आला होता.

आणि त्याच ऑगस्टमध्ये आमची लय वाढायला लागली.

आमच्याकडे रीत अशी होती की गाणं पियानोने सुरू व्हायचं. पहिली आठ आवर्तनं मी एकटी वाजवायची, नाचणाऱ्यांकडे बघत बघत लय ठरवायची, मग बाकीचे त्या लयीत उतरायचे. बँडची लय माझ्या हातात होती. त्या दिवसांत हॉलिस मागून हळूच म्हणायचा, "जरा ओढ, डेसा." मी ओढायची, म्हणजे लय वाढवायची. लोक खूश, टिब्स खूश. एका पेपरने तर छापलं की शहरात टिब्सच्या बँडइतकं कुणी पळत नाही. सप्टेंबरमध्ये तो म्हणायचा, "आणखी ओढ." मला वाटायचं, चाळिशीत भावाला तरुणपण सुचलंय. मी त्याला चिडवायचीसुद्धा. हळू गाणी हळूहळू यादीतून गळाली आणि मी ती गळू दिली. ह्याचा मला आजही संताप येतो, माझाच.

ऑक्टोबरच्या एका गुरुवारी अँब्रोज आला. जेवलो. अँब्रोज म्हणाला, "मिस्टर हॉलिस, आज अगदी हळू घेऊ या का? मला तो रेंगाळणारा लहान स्वर पक्का करायचाय."

हॉलिस म्हणाला, "आज नको. वेगातलं करू."

"वेगातलं रोजच होतंय की. फक्त दोन मिनिटं."

हॉलिसने ब्रश उचलला. अँब्रोजने सॅक्सोफोन तोंडाला लावला. मी भांडी विसळत होते, पाठमोरी. डिरेक्टरीवर आवाज सुरू झाला आणि माझे हात पाण्यात थांबले. एक, दोन, एक, दोन. दोन्ही सारखे. मधला भाग गिळलेलाच नव्हता. मार्च महिन्यातला अँब्रोज वाजवायचा तसं.

अँब्रोज चार ओळींनंतर थांबला आणि जोरात हसला. "तुम्ही मला फसवून बघताय ना? मुद्दाम सरळ वाजवताय, मी वाहवत जातो का ते बघायला!"

मी वळले. हॉलिसही हसला, पण फक्त ओठांनी. म्हणाला, "हुशार झालास रे. पकडलंस."

"नाही गेलो वाहवत!"

"नाही गेलास."

अँब्रोज उड्या मारत घरी गेला. मी दार लावलं, हात पुसले आणि हॉलिसच्या समोर बसले. 

"दादा, ते मुद्दाम नव्हतं."

 त्याने उजवा हात टेबलावर ठेवला होता, ठेवलेली वस्तू असावी तसा.

"कधीपासून?"

"जून." मग म्हणाला, "काठी झांजेवर पडते, पण उसळून परत येते तेव्हा मनगट तिला घेत नाही. लहान स्वर त्या उसळीतनंच निघतो ना. आता मला तो मुद्दाम वाजवावा लागतो, आणि मुद्दाम वाजवला की सरळ पडतो."

"आणि तू मला लय ओढायला लावत होतास."

"वेगात कोणाला कळतं? वेगात सगळ्यांचेच सारखे होतात. नाहीतर मी लहान टाकतच नाही, नुसते चार ठोके देतो. वेगात ते खपून जातं. हळू असलं की उघडं पडतं."

मी रडले नाही, चिडले. "तू मला विचारलं नाहीस. माझे हात वापरलेस तू. तीन महिने मी तुझं झाकतेय आणि मलाच पत्ता नाही!"

"आता लागला ना पत्ता? आता झाक." त्याने पहिल्यांदा वर बघितलं. "तेरा नोव्हेंबरला शिकागोहून रेकॉर्ड कंपनीची माणसं आपल्याला ऐकायला येतायत. रेकॉर्ड झाली की झाली, डेसा. माझी झांज त्या तबकडीवर एकदा उतरू दे. मग टिब्सला मी स्वतः सांगेन. पण आत्ता कळलं तर तो दुसरा ड्रमवाला बसवेल, आणि त्याला दोष नाही देता येणार. बारा माणसांची चूल आहे."

मी हो म्हणाले. भाऊ आहे माझा.

त्यानंतर रोज सकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसायचो. आता शिकवायची मी आणि शिकायचा तो. मेट्रोनोम साठवर, टकटक दोन आणि चारवर. "तोंडाने म्हण." तो म्हणायचा, आणि तोंडातून इतकं सुरेख यायचं की माझ्या अंगावर काटा यायचा. "आता चालत म्हण." तेही ठीक. "आता ब्रश घे." आणि आवाज सरळ. तोंड एक म्हणतंय, हात दुसरंच करतोय. तो पुन्हा सुरू करायचा. घाम यायचा त्याला, नोव्हेंबरात. एकदा मी त्याचं मनगट हातात धरून हलवून बघितलं, लाकडाचं दार फुगून चौकटीत अडकावं तसं ते अडकत अडकत हलत होतं. मी पटकन सोडलं. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणायचा, तेरा तारखेनंतर.

त्याचं म्हणणं काय होतं हे मला कळत होतं. पण रोज त्या टकटकीसमोर बसून मला वाटू लागलं की तेरा तारीख येऊच नये.

ती आली. रविवार, दुपारचे तीन. नाचघर रिकामं, खुर्च्या टेबलांवर उलट्या, उन्हात धूळ तरंगतेय. शिकागोहून दोघं आले होते. त्यातल्या बुटक्याने टोपीसुद्धा काढली नाही, एक खुर्ची खाली घेतली आणि वही गुडघ्यावर ठेवली. टिब्सनी ठेवणीतला सूट घातला होता आणि ते दर मिनिटाला टाय सरळ करत होते.

पहिलं गाणं मी पळवलं. दुसरं त्याहून पळवलं. ट्रम्पेटवाले लाल झाले, पण वाजवलं त्यांनी झकास. तिसऱ्याला बुटक्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि टिब्सनी माझ्याकडे बघून डोळा मारला. मी मनात म्हटलं, सुटलो.

बुटका म्हणाला, "छान. पळता तुम्ही. पळणारे मला रोज भेटतात." त्याने पेन्सिल कानावर ठेवली. "एक हळू ऐकवा. नवरा-बायको एकमेकांना धरून नाचतील असं. ते मला आवडलं तर सह्या करू, नाहीतर ट्रेन पाच वाजता आहे."

टिब्स म्हणाले, "अवश्य! हळू ब्लूज. ओडेसा, तू सुरू कर."

पहिली आठ आवर्तनं माझी. मी वळून बघितलं नाही, पण हॉलिस मागून म्हणाला, अगदी हळू, "जरा ओढ, डेसा." त्याच्या आवाजात मी कधी ऐकली नव्हती अशी विनवणी होती.

ओढता आलं असतं. मधल्या चालीला आणलं असतं तर कदाचित निभावलं असतं, आणि कदाचित बुटका उठून गेला असता. माझ्यासमोर अँब्रोजची पाठ होती, ताठ, वाट बघणारी. वेंडेलला सहा महिन्यांपूर्वी तिसरी मुलगी झाली होती. मी हात पियानोवर ठेवले आणि हळू सुरू केलं. जसं हवं तसं. खरंखुरं हळू.

आठ आवर्तनं संपली आणि बँड उतरला. आणि मागे झांज. एक, दोन, एक, दोन.

पहिल्यांदा वेंडेल दचकला. मग मी बघितलं, सगळ्या वाद्यांना त्या झांजेची सवय होती, ती सगळी तिच्याकडे झुकायला लागली. ट्रम्पेट सरळ झाले. ट्रॉम्बोन सरळ झाला. अकरा वर्षांचा बँड माझ्या डोळ्यांदेखत कवायतीचा बँड होत होता. फक्त अँब्रोज एकटा आपला लहान स्वर रेंगाळत ठेवत होता, आणि भांबावून मागे बघत होता. बुटक्याने पेन्सिल खिशात घातली.

मला काय सुचलं मला माहीत नाही. डाव्या हाताने मी झांजेचं काम सुरू केलं. मोठा, लहान, मोठा, लहान, जिथे हॉलिसने मला लहानपणापासून दाखवलं होतं तिथेच तो लहान स्वर टाकत गेले. दोन आवर्तनं आमचे दोन लहान स्वर एकाच वेळी ऐकू येत होते, त्याचा लवकर, माझा उशिरा, दोन माणसं एकाच दारावर ठोठावतायत तसे.

हॉलिसने ते ऐकलं. नक्की ऐकलं. त्याने काठी उचलली आणि मांडीवर ठेवली.

झांज थांबली. राहिला फक्त त्याचा डावा पाय, दोन आणि चारवर, पायाखालच्या जोडझांजेची मऊ चप. बाकी सगळं त्याने मला देऊन टाकलं. आणि बँड सैलावला. वेंडेलचा बेस खाली बसला, ट्रम्पेट रेंगाळायला लागले, आणि अँब्रोजने जे वाजवलं ते ऐकून मी मान खाली घातली. बुटक्याचा बूट हलायला लागला होता.

सह्या झाल्या. पाच वाजायच्या आत. टिब्सनी सगळ्यांना मिठ्या मारल्या आणि हॉलिसला तर गालावर मुका दिला. "काय रे माणसा तू! हळू गाण्यात झांज काढूनच घेतलीस! सगळी जागा मोकळी केलीस! ह्याला म्हणतात जाणतेपण. रेकॉर्डवर हेच हवंय मला, हॉलिस. असंच."

"असंच करू," हॉलिस म्हणाला.

बुटकाही येऊन म्हणाला की झांज नाही हीच त्यातली मजा. तबकडीवर अशीच दोन हळू गाणी घेऊ, वेगातली नकोत. हॉलिसने डावा हात पुढे केला आणि त्याने तो हलवला.

घरी आम्ही चालत निघालो. ऊन उतरलं होतं, रविवारचा रस्ता मोकळा, कुठेतरी रिब्स भाजल्याचा वास येत होता.  मी न राहवून म्हणाले, "दादा, मी हळू सुरू केलं. मुद्दाम."

"माहितेय." थोडं चालून म्हणाला, "तबकडी निघेल आणि तिच्यावर मी नसेन. कुणाला कळणारही नाही."

"उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"जाऊन आलो मी. परवाच." माझ्याकडे न बघता तो बोलत होता. "म्हणाला, कंपवात आहे. थरथर नंतर येईल, आधी हा असा ताठरपणा. आणि आधी हात, मग त्याच बाजूचा पाय. पायाला वेळ लागेल म्हणाला. वर्ष, दोन वर्षं."

मी त्याची पावलं ऐकत होते. आमच्या चार पावलांत माझी दोन बाजूला काढली तर त्याची दोन उरत होती. डावा पाय पडायचा आणि थांबायचा. उजवा घासत, उशिरा, हलकाच पडायचा. मोठा, लहान. मोठा, लहान. महिनाभर सकाळी त्या टेबलावर आम्ही जे शोधत होतो आणि त्याच्या हाताला सापडलं नाही, ते फुटपाथवर त्याच्या बुटांत चाललं होतं, अगदी बरोबर जागेवर. मला इतकी भीती वाटली की मी थांबले.

तोही थांबला. त्यालाही ऐकू आलं होतं, त्याचा कान अजून शाबूत होता.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक," तो म्हणाला. "मी भराभर चालायचो ना."